तिजोरी उघडली, उघडत होता, उघडली होती

एका दुकानात चोरी झाली आहे आणि मालक पोलिसांपुढे जबाब देतो आहे, असे समजू. तो सांगतो, “मी दुकानात शिरलो तेव्हा नोकर तिजोरी उघडत होता.” आता हाच जबाब थोडा वेगळा लिहून पाहा. “मी दुकानात शिरलो तेव्हा नोकराने तिजोरी उघडली.” आणि तिसऱ्यांदा, “मी दुकानात शिरलो तेव्हा नोकराने तिजोरी उघडली होती.” माणसे तीच, तिजोरी तीच, क्रियापदही तेच. तरीही तीन जबाबांतून तीन वेगळ्या घटना उभ्या राहतात. पहिल्या जबाबात नोकराचा हात अजून कुलपावर आहे आणि मालक ऐन वेळी पोचला आहे. दुसऱ्यात मालक आधी शिरला आणि त्याच्या देखत तिजोरी उघडली गेली. कदाचित त्याच्याच सांगण्यावरून. तिसऱ्यात मालक यायच्या आधीच काम उरकले होते, म्हणजे त्याने ते होताना पाहिलेलेच नाही. मग ते नोकरानेच केले हे त्याला कसे कळले, असा प्रश्न कोणताही वकील लगेच विचारील.

हा सगळा फरक क्रियापदाच्या शेवटात आहे. शाळेत आपण याला साधा भूतकाळ, चालू किंवा अपूर्ण भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ म्हणतो, आणि जोडीला रीती भूतकाळ शिकतो. वर्तमान आणि भविष्य यांचेही असेच चार-चार प्रकार पाडून बारांचा तक्ता पाठ करवून घेतला जातो. तक्ता चुकीचा नाही, पण तो पाठ करायची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. मराठी क्रियापद दोन ठिकाणी वाचायला शिकले की बाराही प्रकार आपोआप ओळखता येतात. पहिले ठिकाण म्हणजे मुख्य क्रियापदाचा शेवट. काम झाले, चालू आहे की नेहमीचे आहे, हे तो सांगतो. दुसरे ठिकाण म्हणजे त्याच्यामागून येणारे सहायक क्रियापद, म्हणजे आहे, होता, असेल यांपैकी एखादे. ती अवस्था आजची, कालची की पुढची, हे ते सांगते. ‘उघडत’ म्हणजे काम चालू. त्याला ‘आहे’ लागले की चालू वर्तमान, ‘होता’ लागले की चालू भूत, ‘असेल’ लागले की चालू भविष्य. ‘उघडली’ म्हणजे काम झालेले. त्यालाही हीच तीन क्रियापदे लावली की पूर्ण वर्तमान, पूर्ण भूत आणि पूर्ण भविष्य मिळतात. सहायक न लावता ‘उघडली’ एकटेच राहिले, तर तो साधा भूतकाळ.

शेवटावरून क्रियापद ओळखण्याची ही रीत नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली छापले गेले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली आले. दामल्यांच्या ग्रंथात क्रियापदांच्या रूपांना त्यांच्या प्रत्ययांवरून नावे दिलेली दिसतात. ‘त’ लागणारे ते ताख्यात, ‘ल’ लागणारे लाख्यात, ‘ई’ लागणारे ईआख्यात, ‘च’ लागणारे चाख्यात. ही नावे ऐकायला जड वाटतात, पण विचार अगदी सरळ आहे. आधी रूप डोळ्यांनी पाहायचे आणि मग त्याचा अर्थ काय होतो ते ठरवायचे. शाळेत हे नेमके उलट होते. आधी काळाचे नाव येते आणि मागाहून उदाहरण.

भूतकाळाचा खरा खांब म्हणजे ‘ल’. बस-ला, पड-ला, उघड-ली, लिहि-ले. काही धातू ‘ल’ लागण्यापूर्वी आपले रूप बदलतात. जा चे गेला होते, ये चे आला, कर चे केला, दे चे दिला, हो चे झाला, खा चे खाल्ला. पण ‘ल’ सुटत नाही. या ‘ल’च्या पुढे जो स्वर येतो तो लिंग आणि वचन सांगतो. तो गेला, ती गेली, ते पाखरू गेले, त्या गेल्या, ती पाखरे गेली. वर्तमानकाळातही ‘जातो’ आणि ‘जाते’ असा फरक आहेच, पण भूतकाळात एक जास्तीची गोष्ट घडते आणि जबाबातले वाक्य तिच्यामुळेच बदलते. ‘नोकर उघडत होता’ या वाक्यात क्रियापद नोकराप्रमाणे पुल्लिंगी आहे. ‘नोकराने तिजोरी उघडली’ मध्ये ते एकदम स्त्रीलिंगी झाले, कारण आता ते तिजोरीच्या मागे गेले आहे. नोकराने कुलूप उघडले, नोकराने दरवाजा उघडला, नोकराने खिडक्या उघडल्या. नोकर एकच, क्रियापद मात्र दर वेळी वस्तूप्रमाणे बदलते.

याचे कारण जुने आहे. संस्कृतात ‘गत’, ‘लिखित’ अशी रूपे मुळात विशेषणासारखी होती. ‘मया पत्रं लिखितम्’ या वाक्यात ‘लिखितम्’ हे पत्राचे विशेषण आहे, लिहिणाऱ्याचे नाही. पुढे प्राकृतात या रूपांना ‘इल्ल’ हा प्रत्यय चिकटला आणि त्यातून आपला ‘ल’ आला. रूप बदलले तरी पत्राशी असलेले नाते तसेच राहिले. म्हणून आजही ‘मी पत्र लिहिले’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांत लिहिणारा पुरुष आहे की बाई, हे क्रियापदावरून कळत नाही. ‘मी लिहितो’ किंवा ‘मी लिहीत होते’ म्हटले की लगेच कळते. कर्माला ‘ला’ लागले, तर क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. शिपायाने नोकराला पकडले, शिपायाने नोकरांना पकडले, शिपायाने मोलकरणीला पकडले.

‘तू’च्या बाबतीत तर ही रचना पाहण्यासारखी होते. ‘तू आंबा खाल्लास’ आणि ‘तू चिंच खाल्लीस’ ही वाक्ये घ्या. ‘ल’ सांगतो की खाणे झाले. त्यापुढचा ‘आ’ किंवा ‘ई’ सांगतो की खाल्ले ते आंबा होते की चिंच. शेवटचा ‘स’ सांगतो की खाणारा तू आहेस. एका छोट्या शब्दाच्या टोकाला तीन निरनिराळ्या बातम्या आहेत आणि चार वर्षांचे पोरही त्या न चुकता देते.

काही क्रियापदे मात्र कर्म असूनही कर्त्याला सोडत नाहीत. मी छत्री विसरलो, ती धडा शिकली, तो खोटे बोलला. इथे ‘ने’ही येत नाही. त्यामागे एकच एक नियम शोधण्यापेक्षा विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे, जेवणे असे हे छोटे घराणे वेगळे लक्षात ठेवलेले बरे.

‘ल’ दिसला की भूतकाळ, एवढ्यावर मात्र थांबता येत नाही, कारण भविष्यकाळातही ‘ल’ आहे. जाईल, करील, बसेल. दोन्ही ‘ल’ वेगळे ओळखण्याची खूण पक्की आहे. भविष्यकाळाचा ‘ल’ शब्दाच्या अगदी टोकाला येतो, त्याला पुढे स्वर लागत नाही आणि तो लिंगाप्रमाणे बदलत नाही. तो जाईल, ती जाईल, ते पाखरू जाईल. भूतकाळाच्या ‘ल’ला आ, ई, ए, ओ, ल्या असे काही ना काही शेपूट असतेच.

आता ‘त’कडे वळू. चालू भूतकाळात मुख्य क्रियापद ‘त’वर संपते आणि तिथेच थांबते. उघडत, धावत, लिहीत, धूत. लिंग, वचन आणि पुरुष दाखवण्याचे सगळे काम मागून येणाऱ्या ‘होता’वर पडते. मी धावत होतो, ती धावत होती, आम्ही धावत होतो, ते धावत होते. इथे गोंधळ होतो तो धुणे, घेणे, घालणे, सांगणे, मागणे अशा क्रियापदांत, कारण त्यांच्या पूर्ण झालेल्या रूपातही ‘त’ असतो. धुतला, घेतला, घातला, सांगितला, मागितला. उत्तरपत्रिकेत ‘आईने साडी धुतली होती’ हे वाक्य चालू भूतकाळात टाकणारी मुले बहुधा या ‘त’ला फसलेली असतात. खूण पुन्हा शेवटातच आहे. ‘आई साडी धूत होती’ मध्ये ‘त’ हा शेवटचा वर्ण आहे. ‘धुतली’ मध्ये ‘त’च्या पुढे ‘ली’ आहे. शेवटचा प्रत्यय कोणता ते पाहायचे, मधे काय आले त्याच्याशी कर्तव्य नाही. शिवाय ‘आई’ आणि ‘आईने’ हा फरक आहेच. कर्त्याला ‘ने’ लागलेला असेल, तर ते वाक्य चालू भूतकाळाचे असू शकत नाही.

पूर्ण भूतकाळ म्हणजे ‘ल’ अधिक ‘होता’. पुस्तकात त्याची व्याख्या ‘क्रिया भूतकाळी पूर्ण झाली होती’ अशी दिलेली असते आणि ती वाचून साधा भूतकाळ वेगळा कसा, हे कळत नाही, कारण क्रिया तर तिथेही पूर्णच झालेली असते. खरा फरक असा आहे की पूर्ण भूतकाळाला दुसऱ्या एखाद्या क्षणाचा आधार लागतो. ‘नोकराने तिजोरी उघडली होती’ म्हटले की ऐकणारा विचारतो, कधीच्या आधी? मालक शिरण्याच्या आधी. साधा भूतकाळ घटना एकामागून एक ओळीने सांगत जातो. मालक शिरला, नोकर दचकला, किल्ली खाली पडली. पूर्ण भूतकाळ त्या ओळीतून मागे वळतो आणि आधी घडून गेलेले सांगतो.

‘आहे’ आणि ‘होता’ यांतला फरक तर रोजच्या बोलण्यात सतत उपयोगी पडतो. दारात आलेल्या पाहुण्याला कोणी सांगितले, “बाबा पुण्याला गेले आहेत”, तर पाहुणा समजतो की बाबा घरी नाहीत, अजून पुण्यातच आहेत. “बाबा पुण्याला गेले होते” म्हटले, तर बाबा परत आलेले असतात. दोन्ही वाक्यांत जाणे पूर्णच झाले आहे. ‘आहेत’ म्हटले की त्या जाण्याचा परिणाम आजही टिकून आहे आणि ‘होते’ म्हटले की तो संपला. बोलताना आपण ‘गेले आहेत’चे ‘गेलेत’ करतो, ‘आला आहे’चे ‘आलाय’, ‘झाले आहे’चे ‘झालंय’. त्यामुळे सहायक क्रियापद दिसेनासे होते, पण ते आत असतेच. ‘आलाय’ ऐकू आले की ‘आला’ आणि ‘आहे’ असे दोन तुकडे करून पाहावेत.

बसणे, झोपणे, निजणे, आडवे होणे या क्रियापदांत पूर्ण भूतकाळाचे रूप वेगळेच काम करते. ‘पहारेकरी झोपला होता’ याचा अर्थ तो त्या वेळी झोपेत होता. रूप पूर्ण भूतकाळाचे, पण दिसते ती चालू असलेली स्थिती. ‘पहारेकरी झोपत होता’ म्हटले, तर तो तेव्हा नुकता अंथरुणावर पडत होता, किंवा त्या काळात तो तिथे झोपायला असायचा, असा अर्थ होतो. मराठी नव्याने शिकणारे ‘झोपेत होता’ या अर्थाने ‘झोपत होता’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला काहीतरी खटकते, ते यामुळे. झोपणे म्हणजे आपल्या भाषेला झोपेच्या अवस्थेत जाणे वाटते. एकदा गेले की काम झाले, म्हणून ‘ल’ लागतो आणि पुढची सगळी रात्र ‘झोपला होता’ मध्ये मावते.

पूर्ण भविष्यकाळाबद्दल थोडे सांगायला हवे. ‘तो पोचला असेल’ हे वाक्य तक्त्यात भविष्याच्या रकान्यात बसवलेले असते. ‘उद्या या वेळी तो पोचला असेल’ असे म्हटले तर ते तिथे बरोबर आहे. पण ‘गाडी वेळेवर सुटली, आता तो पोचला असेल’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुढचे काही सांगत नसतो. झालेल्या गोष्टीबद्दल अंदाज करत असतो. बोलण्यात ‘असेल’चा हाच वापर जास्त आहे. त्याचाच शेजारी ‘असता’ आहे. ‘तो पोचला असता’ म्हणजे तो पोचलाच नाही, काहीतरी आडवे आले. त्यामुळे ‘ल’च्या पुढे ‘असता’ दिसला, तर काळाच्या तक्त्यात जागा शोधत बसू नये. तो संकेतार्थ आहे.

राहिला रीती भूतकाळ. एखादी गोष्ट पूर्वी वारंवार किंवा नेमाने घडायची, हे तो सांगतो. मराठीत त्याची तीन रूपे एकाच वेळी नांदत आहेत. ‘आजोबा पहाटे फिरायला जात असत’ हे पाठ्यपुस्तकातले रूप, ‘त’ अधिक असे, असत, असू. ‘आजोबा पहाटे फिरायला जात’ किंवा एकवचनात ‘तो पहाटे उठे, विहिरीवर जाई, पाणी शेंदी’ हे जुन्या गद्यातले रूप. जुन्या मराठीत ‘करी’, ‘जाई’ ही रूपे वर्तमानकाळाची होती. ‘करतो’, ‘जातो’ ही रूपे रुळली तशी ‘करी’, ‘जाई’ मागे सरकत गेली आणि पूर्वीच्या सवयीपुरती उरली. संतवाङ्मय वाचताना आजचा वाचक ‘करी’चा अर्थ ‘करत असे’ असा लावतो, पण तिथे तो पुष्कळदा साधा ‘करतो’ असतो.

तिसरे रूप आपल्या तोंडी असते. आजोबा फिरायला जायचे, आम्ही नदीवर पोहायचो, नोकर रोज तिजोरी उघडायचा. हे ‘च’चे रूप आहे. व्याकरणाच्या शालेय पुस्तकात रीती भूतकाळाचे उदाहरण म्हणून ते क्वचित दिसते, पण आज कोणीही आपल्या बालपणाबद्दल बोलताना याच रूपात बोलतो. इथेही एक जोडरूप सांभाळावे लागते. ‘मी मुंबईला जायचो’ ही जुनी सवय. ‘मला मुंबईला जायचं होतं’ ही इच्छा किंवा ठरलेले काम. पहिल्यात कर्ता ‘मी’ आहे आणि ‘च’ त्याच्याप्रमाणे चो, ची, चे असा बदलतो. दुसऱ्यात ‘मला’ आहे आणि मागे होतं, आहे, नव्हतं यांपैकी काहीतरी येते.

रूप ओळखताना अडले, तर वाक्य नकारार्थी करून पाहावे. सहायक क्रियापद आहे की नाही, ते लगेच बाहेर येते. ‘नोकर तिजोरी उघडत होता’ याचे ‘उघडत नव्हता’ होते. ‘उघडली होती’ याचे ‘उघडली नव्हती’ होते. ‘उघडत असे’ याचे ‘उघडत नसे’, ‘उघडायचा’ याचे ‘उघडायचा नाही’. साधा भूतकाळ ‘उघडली’ याचे मात्र ‘उघडली नाही’ होते. कसोटी एका ठिकाणी दुबळी पडते. ‘उघडली आहे’ याचाही नकार बोलण्यात ‘उघडली नाही’ असाच होतो, त्यामुळे नकारात साधा भूत आणि पूर्ण वर्तमान एकरूप दिसतात. फरक दाखवायचाच असेल, तर आपण ‘उघडलेली नाही’ म्हणतो.

रूप आणि अर्थ नेहमी हातात हात घालून चालतात असे नाही. जेवायला हाक मारल्यावर “आलोच!” असे उत्तर येते, तेव्हा रूप साध्या भूतकाळाचे असते आणि माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. काम झाल्यातच जमा आहे, हे सांगायला आपण झालेल्याचे रूप वापरतो. चढावरून धावत सुटलेल्या पोराला “पडशील” म्हणण्याऐवजी आजी “पडलास बघ!” म्हणते, तेही असेच. परीक्षेत अशा वाक्याचा काळ विचारला, तर रूपावरून साधा भूतकाळ हेच उत्तर द्यावे. वाक्याचा रोख मात्र पुढच्या क्षणाकडे आहे.

आणि हे सगळे नियम प्रमाण मराठीचे आहेत. नागपूरकडे “काय करून राहिला?” असे विचारले जाते. ‘राहिला’ मध्ये ‘ल’ आहे, तरी प्रश्न आत्ता चालू असलेल्या कामाबद्दल आहे. तिथे ‘ऊन राहिला’ हा सगळा घोळका मिळूनच चालू काळाचा प्रत्यय झाला आहे, म्हणून त्यातला ‘ल’ सुटा काढून वाचता येत नाही. मालवणीत “तो गेलो” ऐकून घाटावरचा माणूस ‘मी गेलो’ समजतो. तिथे आणि गोव्याच्या कोंकणीतही ‘तो’च्या क्रियापदाचा शेवट ‘ओ’ होतो. ‘ल’ मात्र तिथेही आपल्या जागी आहे, बदलला आहे तो फक्त त्याच्यापुढचा स्वर. तेव्हा सिंधुदुर्गात कोणी “तो इलो” म्हणाले, की आधी ‘ल’ पाहावा, म्हणजे येणे झाले एवढे नक्की कळते. कोण आले ते मात्र ‘तो’वरून ठरवावे, शेवटच्या ‘ओ’वरून नाही.